दोन्ही नडग्यांवर लाल, दुखऱ्या गाठी. पायाच्या दुखण्याला छातीचा फोटो कशाला?

कृष्णाकाठची (६ जुलै)

मंडळी, वय ३३, मुक्काम सांगली, बँकेत नोकरी. दहा दिवसांपूर्वी डाव्या नडगीवर सुपारीएवढी लालसर गाठ आली. काउंटरखालच्या लोखंडी पट्टीवर पाय आपटला असेल म्हणून सोडून दिलं. तीन दिवसांत दोन्ही पायांवर मिळून सात गाठी झाल्या. डोळ्यांनी बघण्यापेक्षा बोटांना जास्त जाणवतात, गरम लागतात, आणि सलवारची शिवण घासली तरी कळ मस्तकात जाते. खाज अजिबात नाही. संध्याकाळी अंगात कणकण, ताप १०० च्या आसपास, घोटे सुजलेले. सकाळी जिना उतरताना आजीसारखी एकेक पायरी मोजत उतरते.

आधी घराजवळच्या डॉक्टरांनी ॲलर्जी म्हणून पुडीत बांधून गोळ्या दिल्या. दोन दिवसांत गाठी बसल्या, तापही गेला. पाच दिवसांनी गोळ्या संपल्या आणि तिसऱ्या दिवशी सगळं परत. काल त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पाय बघितले, दोन-तीन गाठी दाबल्या (मी ओरडले) आणि म्हणाले, ‘एरिथेमा नोडोसम.’ इथपर्यंत ठीक. पण चिठ्ठीवर रक्ताच्या चार तपासण्या, छातीचा एक्स-रे आणि हातावर टोचायची मांटू टेस्ट! रोगाचं नाव तर त्यांनी बघताक्षणी सांगितलं. मग पायाच्या गाठीसाठी छातीचा फोटो कशाला? नवरा म्हणतो लॅबवाल्याचं कमिशन असणार. कोणाला अनुभव आहे का?

चहाटळ

नवऱ्याचं बरोबर आहे. आमच्या मेव्हण्याच्या गुडघ्यासाठी डोळे तपासले होते.

पक्या_चिपळूण

ताई, माझ्या आईलाही सेम. दोन्ही पायांच्या शिरा फुगल्यात, घोट्यापाशी कातडी काळी पडलीय, खाजवून जखम झाली. तिलाही मांटू करावी लागेल का?

दादा_पन्हाळकर

ताई, घाबरू नका. माझ्या पुतण्याला हेच झालं होतं. हे घशातून येतं. घशातले जंतू रक्तात उतरतात आणि पायात गाठी करतात. रक्तात एएसओ वाढलेला येईल बघा. तो वाढला म्हणजे संधिवाताचा ताप. दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन पाच वर्षं घ्यायचं, नाहीतर हृदयाची झडप जाते. बाकीच्या तपासण्यांवर पैसे घालवू नका, एएसओ तेवढा करा.

नीलकंठी

सरकारी मेडिकल कॉलेजात त्वचारोग विभागात अठ्ठावीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. तुमचे पाय मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे उपचार तुमच्या डॉक्टरांचेच. पण प्रश्न चांगला आहे, म्हणून लिहिते.

आपल्या कातडीखाली चरबीचा थर असतो. संत्रं सोलल्यावर फोडी आणि फोडींमधले पांढरे पापुद्रे दिसतात, तशीच त्या चरबीची रचना. तुमच्या गाठींमध्ये सूज आहे ती त्या पापुद्र्यांना. तिथे जंतू नसतात, पू होत नाही. त्यामुळे गाठ टोचून काही निघत नाही आणि मलम लावून काही पोचत नाही. शरीरात दुसरीकडे कुठेतरी काहीतरी घडलेलं असतं, त्याला प्रतिकारशक्तीनं दिलेलं हे उत्तर असतं. ते नडग्यांवरच का उमटतं याचं पक्कं उत्तर कोणाकडे नाही. तिथला रक्तप्रवाह संथ असतो, पाय दिवसभर खाली लोंबतात, असं काहीबाही सांगतात.

म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेलं नाव हे गाठीचं नाव आहे, कारणाचं नाही. गाठी तर बहुतेकदा सहा-आठ आठवड्यांत आपोआप जातात, व्रणही राहत नाही. तपासण्या चालल्यात त्या ‘दुसरीकडे कुठेतरी’चा पत्ता काढायला. आणि आपल्या देशात त्या पत्त्यांपैकी एक छातीत आहे, क्षयाचा. म्हणून छातीचा फोटो, आणि मांटूही त्याच शोधासाठी.

आता तुम्ही मला सांगा. गाठींआधी दोन-चार आठवड्यांत घसा दुखला होता का? गेल्या दोन-तीन महिन्यांत नवीन कोणती गोळी सुरू केली, अगदी पाळीची किंवा कुटुंबनियोजनाचीसुद्धा? पाळी चुकली आहे का? बरेच दिवस जुलाब, शौचातून रक्त? घरात कोणाला टीबी झाला होता? अंगावर कुठे फिकट, बधिर चट्टा? आणि सगळ्यात आधी, त्या पुडीतल्या गोळ्या कोणत्या होत्या?

पक्याभाऊ, आईंचं दुखणं वेगळं दिसतंय. शिरांचे डॉक्टर डॉपलर करून सांगतील. जखम आहे, उशीर नको.

कृष्णाकाठची

बापरे, तुम्ही विचारलेल्यातल्या तीन गोष्टी जुळतायत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात घसा जबरदस्त दुखला होता, गिळवत नव्हतं. मेडिकलमधून तीन दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या आणून घेतल्या, बरं वाटलं. एप्रिलपासून पाळी नियमित व्हावी म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांनी हार्मोनच्या गोळ्या दिल्यात, त्या चालू आहेत. पाळी वेळेवर येते. जुलाब नाहीत, चट्टे नाहीत. आणि सासऱ्यांना टीबी झाला होता, बेडक्यात जंतू निघाले होते. सहा महिन्यांचा कोर्स दिवाळीला संपला, आता ठणठणीत आहेत. तेव्हा आमचे सगळ्यांचे एक्स-रे काढले होते, साफ आले होते.

पुडीतल्या गोळ्यांचं विचारायला नवऱ्याला पाठवलंय. हे सगळं मी त्वचेच्या डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. गाठी पायावर, घशाचं कोण सांगणार?

चहाटळ

तीन संशयित. कमिशनवाला शब्द मागे घेतो.

नीलकंठी

पन्हाळकर साहेब, तुमचं अर्धं बरोबर आहे. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूनंतर दोन-तीन आठवड्यांनी या गाठी येतात, हे अगदी नेहमीचं कारण. पण जंतू पायात उतरत नाहीत, आणि वाढलेला एएसओ म्हणजे संधिवाताचा ताप नव्हे. एएसओ एवढंच सांगतो की हा जंतू गेल्या काही आठवड्या-महिन्यांत येऊन गेला. संधिवाताचा ताप ठरवायला सांधे, हृदय, हातापायांच्या अनैच्छिक हालचाली, त्वचेवरचं एक विशिष्ट कडं अशा खुणा लागतात. ते कडं दुखत नाही, सरकत जातं. नडगीवरच्या या गाठी त्या यादीत नाहीतच. नुसत्या एएसओवर वर्षानुवर्षं इंजेक्शनं घेतलेली मुलं मी पाहिली आहेत. दर तीन आठवड्यांनी कमरेत ती सुई, आणि कारण काय तर एक आकडा.

तुमच्या पुतण्याला हृदयाची सोनोग्राफी करून ठरवलं होतं का?

दादा_पन्हाळकर

इको नव्हता केला. तेव्हा कोल्हापुरात एकच मशीन होतं बहुतेक. चार वर्षं घेतली इंजेक्शनं. आता तो पोलिसात आहे, रोज पाच किलोमीटर धावतो. असो. डॉक्टरबाई सांगतात तर असेल.

उत्तरेतला_मराठी

मी स्वीडनमध्ये, योतेबोरीला असतो. सहा वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये मलाही अगदी याच गाठी आल्या, घोटे इतके सुजले की बूट चढेना. इथल्या डॉक्टरने पाय बघून लगेच छातीचा एक्स-रे सांगितला. म्हणजे एक्स-रे सगळीकडेच सांगतात, नवऱ्याला सांगा. माझ्या फोटोत छातीच्या मध्याला दोन्ही बाजूंना लिम्फच्या गाठी फुगलेल्या दिसल्या. मी घाबरून कॅन्सर-टीबी सगळं वाचून काढलं. तो म्हणाला, सार्कोइडोसिस, म्हणजे टीबीसारखा दिसणारा पण टीबी नसलेला आजार, आणि या जोडगोळीला लोफ्ग्रेन सिंड्रोम म्हणतात. लोफ्ग्रेन हा इथलाच डॉक्टर. वसंतात असे पेशंट जास्त येतात म्हणे. गाठीचा तुकडा काढला नाही, काही नाही. दुखण्याच्या गोळ्या आणि विश्रांती. दोन महिन्यांत पाय साफ, वर्षभरात छातीचा फोटोही साफ.

नीलकंठी

चांगली आठवण दिलीत. स्वीडनमधल्या डॉक्टरच्या मनात तो फोटो बघून पहिलं नाव सार्कॉइडचं येतं, कारण तिथे ते खूप आहे. तोच फोटो मिरजेत आला तर आम्ही आधी टीबीचा विचार करतो. टीबीत फुगलेल्या गाठी बहुधा एका बाजूला असतात, सार्कॉइडमध्ये दोन्हीकडे सारख्या. सार्कॉइडमध्ये मांटू बऱ्याचदा उमटतच नाही, टीबीत जोरात उमटते. पण ‘बहुधा’ आणि ‘बऱ्याचदा’ या शब्दांनी आमची आयुष्यं खाल्लीत. सार्कॉइडला सहा-सहा महिने टीबीची औषधं खाल्लेले लोक आपल्याकडे आहेत, आणि त्याउलट टीबीला स्टेरॉइड मिळालेलेही आहेत. दुसरी चूक जास्त महाग पडते.

अनामिक_वाटसरू

नाव न सांगता लिहितो, समजून घ्या. डॉक्टर मॅडमनी बधिर चट्ट्याचं का विचारलं ते माझ्यावर बेतलंय म्हणून सांगतो. मला चार वर्षांपूर्वी कुष्ठरोगाची बारा महिन्यांची औषधं दिली. सातव्या महिन्यात एका रात्रीत हातांवर, मांड्यांवर, गालांवर लाल दुखऱ्या गाठी उठल्या. ताप १०२, आणि कोपराच्या आतली नस अशी दुखायची की टेबलावर हात टेकवत नव्हता. मी इंटरनेटवर वाचलं, एरिथेमा नोडोसम, आपोआप जातं. म्हणून आठ दिवस घरी बसलो. तेवढ्यात करंगळी वाकडी पडली. नंतर कळलं, कुष्ठरोगातल्या रिअॅक्शनचं नाव जवळजवळ तेच आहे, शेवटी फक्त ‘लेप्रोसम’ लागतं. नावाच्या अर्ध्या सारखेपणानं माझी करंगळी गेली. ताईंच्या गाठी फक्त नडगीवर आहेत त्यामुळे तसं नसावं, पण कोणी वाचत असेल तर त्याला कळावं.

नीलकंठी

वाटसरू, हे लिहिलंत त्याबद्दल आभार. तो आजार वेगळा आहे, गाठी नडगीपुरत्या राहत नाहीत, चेहऱ्यावर आणि हातांवरही येतात, कधी फुटतातही. नस दुखत असेल तर एक दिवसही थांबायचं नाही, तिथे स्टेरॉइड उशिरा दिलं की नुकसान. इथे ताईंच्या बाबतीत नेमकं उलटं, स्टेरॉइड घाईनं दिलं की नुकसान. म्हणून तर आम्ही गाठ बघतानाच कोपराच्या आतली नस चाचपतो, पेशंटला वाटतं डॉक्टर हात कशाला धरतायत.

कृष्णाकाठची (७ जुलै)

नवरा रिकामं पाकीट घेऊन आला. प्रेडनिसोलोन, १० मिलिग्रॅम, रोज दोन, पाच दिवस. म्हणजे ते स्टेरॉइडच ना? त्याच गोळ्या अजून पाच दिवस घ्या असं त्या डॉक्टरांनी सांगितलंय. खरं सांगू, मोह होतोय. त्या पाच दिवसांत मी जिना धावत उतरत होते.

नीलकंठी

मोह होणारच. स्टेरॉइडनं या गाठी जादूसारख्या बसतात, म्हणूनच ते धोक्याचं. कारण तसंच राहतं आणि खुणा पुसल्या जातात. ताप जातो, भूक लागते, सगळे खूश. आत टीबी दबा धरून असेल तर त्याला रान मोकळं मिळतं. शिवाय स्टेरॉइड काही आठवडे चालू राहिलं तर मांटू खोटी कोरी येऊ शकते, म्हणजे पहारेकऱ्यालाच झोपवून चोर शोधायचा. पाच दिवसांच्या डोसानं एवढं बिघडलेलं नसावं. पण त्वचेच्या डॉक्टरांना ते पाकीट दाखवा आणि मांटू टोचण्याआधी सांगा. मनानं पुन्हा सुरू करू नका.

तोवर पायाखाली दोन उशा, दिवसा क्रेप बँडेज, आणि डॉक्टरांनी दिली असेल ती सुजेची गोळी जेवणानंतर. खुर्चीत पाय लोंबते ठेवून आठ तास बसलात तर गोळीचा अर्धा उपयोग वाया जातो. बँकेत पायाखाली स्टूल घ्या.

कृष्णाकाठची (१० जुलै)

पाकीट दाखवलं. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला, मग नेप्रोक्सेन दिलं. स्त्रीरोगतज्ज्ञांशी फोनवर बोलून हार्मोनच्या गोळ्या बंद केल्या. रिपोर्ट आले:

ईएसआर ६८, सीआरपी वाढलेला, हिमोग्लोबिन १०.९. एएसओ ४१०, लॅबची मर्यादा २०० आहे. एक्स-रे साफ, ‘दोन्ही बाजू नॉर्मल’ असं लिहिलंय.

मांटूचा वेगळाच तमाशा. तिसऱ्या दिवशी लॅबमधल्या मुलानं लाल दिसतंय तेवढ्याला पट्टी लावली आणि ३४ मिलिमीटर लिहिलं. माझं धाबं दणाणलं. डॉक्टरांनी तो कागद बाजूला ठेवला, बॉलपेननं हाताच्या दोन्ही बाजूंनी आत रेघ ओढत आणली, पेन जिथे अडलं तिथे खूण, आणि मधलं अंतर मोजलं. २१. म्हणाले, लाली मोजायची नसते, टणकपणा मोजायचा असतो.

आता एएसओही वाढलाय आणि मांटूही उमटलीय. कोणावर विश्वास ठेवू?

दादा_पन्हाळकर

एएसओ ४१०! मी म्हटलं नव्हतं?

स्लाइडवाली

मी पॅथॉलॉजिस्ट. पेननं मोजणाऱ्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा. लाली मोजून आलेले आकडे आम्ही रोज बघतो.

एएसओचं एक सांगते. एका वेळच्या आकड्यापेक्षा दोन आकड्यांतला फरक बोलतो. तीन-चार आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीनं परत करा. चांगला तिसऱ्या हिश्शाहून वाढला किंवा तसाच घसरला तर जंतू ताजा होता म्हणता येईल. तिथेच राहिला तर जुनं काहीतरी असेल.

मांटूबद्दलही उडी मारू नका. आपल्याकडे मोठ्या माणसांत कितीतरी जणांची मांटू उमटते, कारण टीबीचा जंतू कधीतरी आत येऊन झोपलेला असतो. १० च्या वर म्हणजे जंतूची ओळख झालेली आहे. रोग चालू आहे की नाही, ते मांटू सांगत नाही. पण २१, तेही घरात टीबी होऊन गेल्यावर आणि अंगावर या गाठी असताना, मी डॉक्टर असते तर तेवढ्यावर फाइल बंद केली नसती.

कृष्णाकाठची

मग गाठीचाच तुकडा काढून का बघत नाहीत? एकदाच काय ते कळेल.

स्लाइडवाली

नाही कळणार. तुकडा सांगेल की पापुद्र्यांना सूज आहे. ते तुमच्या डॉक्टरांनी बोटांनीच ओळखलंय. ती सूज घशामुळे, गोळीमुळे की टीबीमुळे, हे सूक्ष्मदर्शकात सहसा दिसत नाही. आणि तुकडा घ्यायचाच तर खोल, चरबीपर्यंतचा लागतो. आमच्याकडे अर्धे नमुने असे येतात की कातडी भरपूर आणि चरबीचा थेंब नाही. मग मी ‘विशेष काही नाही’ लिहिते आणि पेशंट बिचारा नडगीवर टाका घेऊन घरी जातो. नडगीची जखम भरतेही सावकाश.

नीलकंठी

सहमत. तुकडा कधी? गाठ फुटून जखम झाली, दोन महिन्यांनंतरही नवीन येत राहिल्या, किंवा गाठी नडगीऐवजी मागे पोटरीवर असल्या. पोटरीवरच्या, हळू येणाऱ्या, फुटणाऱ्या गाठी हे टीबीशी नातं असलेलं दुसरंच प्रकरण असतं, तिथे तुकडा लागतो. तुमच्या गाठींचा रंग आता कसा आहे?

कृष्णाकाठची

जुन्या तीन गाठी लालवरून जांभळ्या आणि आता कडेनं हिरवट-पिवळ्या. सहकारी विचारतात नवऱ्यानं मारलं का. नवरा बँकेत यायचा बंद झालाय.

नीलकंठी

मुका मार लागल्यासारखे रंग बदलणं हीच या गाठीची ओळख आहे. ठीक चाललंय.

दादा_पन्हाळकर

आमच्या साडूच्या मुलीला असंच झालं होतं, मांटू १८. डॉक्टरांनी सरळ सहा महिन्यांचा टीबीचा कोर्स दिला. गाठी महिन्यात गेल्या. ताईंनीही सुरू करावा, उगाच धोका कशाला?

नीलकंठी

गाठी महिन्यात गेल्या, पण त्या औषधाशिवायही महिना-दीड महिन्यात गेल्याच असत्या. त्यामुळे कोर्सनं गेल्या असं म्हणता येत नाही, आणि नाही असंही म्हणता येत नाही. गंमत अशी की माझ्याच जुन्या विभागात यावर दोन तट होते. आमचे एक सर म्हणायचे, या गाठी आणि एवढी जोरदार मांटू म्हणजे कुठेतरी ताजा टीबी आहेच, दिसला नाही तरी पूर्ण औषध द्या. मी दुसऱ्या तटात. चार औषधं पहिले दोन महिने, मग पुढचे चार, यकृतावर ताण, आणि कारण नक्की नाही. मी आधी छातीच्या डॉक्टरांकडे पाठवायचे, रोग चालू असल्याचा पुरावा शोधायला. सर चुकीचे होते असं मात्र मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

कृष्णाकाठची (२ ऑगस्ट)

उशीर झाला, ऑडिट होतं.

एएसओ तीन आठवड्यांनी परत केला, ३८०. म्हणजे हलला नाही. छातीच्या डॉक्टरांनी सीटी केला. त्यात दोन-तीन बारीक लिम्फच्या गाठी, त्यांच्या मते दखल घेण्यासारख्या नाहीत. खोकला नाही, बेडका निघत नाही, वजन तेवढंच. रक्ताची एक टेस्ट केली, इग्रा नावाची, पॉझिटिव्ह. ते म्हणाले, झोपलेला टीबी आहे एवढंच हे सांगतं, जागा झालाय असं नाही. पूर्ण कोर्स नको. पण सासऱ्यांच्या बेडक्यात जंतू होते म्हणून तो जागा होऊ नये यासाठी आठवड्यातून एकदा असे बारा आठवडे औषध घ्या. जिल्हा क्षयरोग केंद्रात फुकट मिळतं.

शेवटची नवीन गाठ २० जुलैला आली. त्यानंतर नाही.

स्लाइडवाली

एएसओ हलला नाही म्हणजे घसा सुटला म्हणायचा.

नीलकंठी

मी एवढ्यात सोडणार नाही. हा आकडा घसा दुखल्यानंतर चार-पाच आठवड्यांनी शिखरावर असतो. ताईंचा घसा जूनच्या पहिल्या आठवड्यात, पहिला नमुना ८ जुलैच्या आसपास. म्हणजे पहिलाच नमुना शिखरावर घेतला गेला असेल, चढ आपण पाहिलाच नाही. शिवाय मधे मेडिकलमधलं अर्धवट अँटिबायोटिक. घसा दुखला तेव्हाच स्वॅब घेतला असता तर काहीतरी हातात असतं.

स्लाइडवाली

हो, हे मान्य. तारखा मी बघितल्याच नव्हत्या. दोन महिन्यांनी तिसरा नमुना केला आणि चांगला खाली आला तर तुमचं म्हणणं उचलून धरेन.

उत्तरेतला_मराठी

म्हणजे शेवटी कारण काय ते कळलंच नाही?

नीलकंठी

अशा पेशंटपैकी कितीतरी जणांत सगळं करूनही कारण सापडत नाही. इथे तर सापडली ती तीन, आणि कोणतं खरं ते सांगता येत नाही. हार्मोनची गोळी बंद झाली त्याच सुमारास गाठीही थांबल्या, पण तेव्हा त्यांची जायची वेळही आलीच होती. गोळी परत सुरू करून गाठी आल्या तर ते सिद्ध होईल, पण तो प्रयोग मुद्दाम करायचा नसतो. ताई, स्त्रीरोगतज्ज्ञांना हा इतिहास लिहून ठेवायला सांगा. बारा आठवड्यांच्या त्या औषधात रिफापेंटिन असेल, त्यानं हार्मोनच्या गोळ्यांचा असर कमी होतो. त्यामुळे तेवढ्या काळात गर्भनिरोधनासाठी त्यांच्यावर विसंबून चालणारही नाही.

पक्या_चिपळूण

आईचा डॉपलर झाला. शिरांचंच निघालं. दाबाचे मोजे दिलेत, ती घालत नाही.

कृष्णाकाठची (१ सप्टेंबर)

चौथा डोस काल घेतला. लघवी भगवी होते, आधी सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही. गाठी सगळ्या गेल्या. उजव्या नडगीवर हळद सांडल्यासारखा एक फिकट डाग उरलाय. घोटे संध्याकाळी अजून थोडे धरतात. एक्स-रे परत ऑक्टोबरमध्ये, एएसओचा तिसरा नमुनाही तेव्हाच.

घरातल्या बाकीच्यांनीही तपासून घ्या असं केंद्रातल्या सिस्टर म्हणाल्या. सासूबाई लगेच तयार झाल्या. नवरा म्हणतो, माझ्या पायावर कुठे गाठी आहेत? त्याला हा धागा पहिल्यापासून वाचायला दिलाय.